शुगर लो होते पण त्याला कळतच नाही: आम्ही कुठल्या क्रमाने काय तपासलं

माझ्या नवऱ्याला टाईप वन डायबेटिस आहे, २६ वर्षं झाली. लग्न झालं तेव्हा त्याची शुगर लो व्हायला लागली की तो स्वतःच म्हणायचा, "लो वाटतंय, काहीतरी गोड दे." गेल्या चार-पाच वर्षांत ते वाक्यच बंद झालं. लो होणं बंद नाही झालं हां, वाक्य बंद झालं. आता मीच ओळखते आणि मीच पळते. हा प्रॉब्लेम आम्ही तीनदा दुरुस्त केलाय आणि तीनदा परत आलाय, त्यामुळे आता क्रम पाठ झालाय, तो लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. इन्सुलिनचा डोस यातलं काही वाचून बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी लक्षणं

लो ची लक्षणं दोन जातीची असतात आणि हा फरक समजला की अर्धं काम झालं. पहिली जात म्हणजे शरीराची बोंब: घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, भूक, ओठाभोवती मुंग्या. हे मुख्यतः अॅड्रेनलिन आणि त्याच्यासोबत जागी होणारी नसांची यंत्रणा करते. दुसरी जात म्हणजे मेंदूला साखर कमी पडल्यावर होणारी गडबड: बोलणं अडखळणं, चिडचिड, एकच गोष्ट परत परत करणं, डबल दिसणं, आणि शेवटी बेशुद्धी किंवा झटके.

आमच्या घरातला फॉल्ट हा, की पहिली जात गायब आणि थेट दुसरी. एकदा हातात चहाचा कप धरून मला विचारत होता चहा झाला का. मी म्हटलं अरे हातात काय आहे, तर माझ्यावरच ओरडला. मान कोरडी ठाक, हात स्थिर, बोट टोचलं तर ४६. आणि "मला काही झालेलं नाही" हे वाक्य तो जितक्या ठामपणे म्हणतो तितकी शुगर खाली असते, हा माझा अनुभव.

तुमच्याकडे असं आहे का हे बघायला स्वतःला एकच प्रश्न विचारा: लो सुरू होतेय हे मला किती वेळा आपोआप कळतं? १ म्हणजे नेहमी कळतं, ७ म्हणजे कधीच नाही. उत्तर ४ किंवा त्याच्या वर असेल तर पुढचं वाचा. पण हा प्रश्न पेशंटला एकट्याला विचारू नका, घरच्यांनाही विचारा. आमच्या ह्याने स्वतःला २ मार्क दिले होते, मी ६ दिले, आणि सासूबाई म्हणाल्या सातच लिही.

हे होतं कसं

हे थोडं लांब आहे पण याच्याशिवाय पुढच्या तपासण्या कळणार नाहीत.

धडधाकट माणसात साखर ८० च्या आसपास आली की पॅन्क्रिया इन्सुलिन सोडणं कमी करतं. हा पहिला बचाव. ६५ ते ७० च्या दरम्यान दोन हॉर्मोन धावतात. ग्लुकागॉन, जे लिव्हरला सांगतं साठवलेली साखर सोड. आणि अॅड्रेनलिन, जे लिव्हरकडून साखर काढतंच, शिवाय स्नायूंना साखर ओढू देत नाही. त्याच्या थोडं खाली कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात. कॉर्टिसॉल हे हळू काम करणारं गडी आहे, त्याचा परिणाम दिसायला तास लागतात, म्हणून आत्ताच्या दहा मिनिटांत त्याचा उपयोग नाही, पण रात्रभर उपाशी राहिल्यावर नवीन साखर बनवायला तेच लागतं. साधारण ५५ ला माणसाला लक्षणं जाणवतात, आणि ५० च्या खाली गेल्यावर डोकं गडबडायला लागतं. म्हणजे बोंब आधी, गडबड नंतर. निसर्गाने क्रम बरोबर लावलाय.

आता टाईप वनमध्ये काय होतं. पहिला बचाव तर नाहीच, कारण इन्सुलिन बाहेरून टोचलंय, तो नळ एकदा उघडला की आतून बंद करता येत नाही. दुसरा बचाव ग्लुकागॉन. ते बनवणाऱ्या पेशी मेलेल्या नसतात, जेवणानंतर नको तेव्हा त्या ग्लुकागॉन सोडतातसुद्धा. पण लो च्या वेळी त्यांना उठवणारा एक महत्त्वाचा इशारा म्हणजे शेजारच्या पेशींमधलं इन्सुलिन अचानक कमी होणं, आणि शेजारच्या पेशीच संपल्यात तर इशारा कोण देणार. त्यामुळे आजार झाल्यापासून काही वर्षांतच लो वर ग्लुकागॉन येणं जवळपास बंद होतं. टाईप टू वाल्यांमध्येही हेच होतं, फक्त बरंच उशिरा, स्वतःचं इन्सुलिन संपत आलं की.

मग उरलं एकटं अॅड्रेनलिन, आणि खरी गोम इथे आहे. प्रत्येक लो नंतर अॅड्रेनलिनचा अलार्म थोडा खाली सरकतो. आधी ६८ ला वाजायचा, लो वर लो होत गेल्या की ५५ ला, मग ४५ ला. डोकं मात्र ५० च्या आसपासच गडबडतं. म्हणजे क्रम उलटा झाला, आधी डोकं जातं आणि मग घाम येतो, आणि घाम आला तरी तो ओळखायला डोकं जागेवर नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले डॉ. फिलिप क्रायर यांनी यावर आयुष्यभर काम केलं आणि या चक्राला नाव दिलं, हायपोग्लायसेमिया-असोसिएटेड ऑटोनॉमिक फेल्युअर. नावातच सगळं आहे: लो मुळे बिघाड, बिघाडामुळे पुढची लो. आणि एवढं व्हायला महिने लागत नाहीत, दुपारची एक लो दुसऱ्या दिवशीचा अलार्म मंद करायला पुरते.

म्हणून "अनअवेअरनेस", म्हणजे लो न कळणं, हा मूळ फॉल्ट नाहीये, तो परिणाम आहे. मूळ फॉल्ट म्हणजे मागच्या काही दिवसांत झालेल्या, न मोजलेल्या लो. खालच्या सगळ्या तपासण्या त्या शोधण्यासाठीच आहेत.

तपासणी १: मीटर खरं बोलतंय का (फुकट)

हात धुवून पुसून टोचा. केळं सोलल्यावर बोटावर साखर राहते आणि खरी ५५ असताना मीटर ९० दाखवू शकतं, म्हणजे लो लपते. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख बघा, आणि डबी उघडी ठेवायची सवय असेल तर सोडा, दमट हवेत स्ट्रिप खराब होतात. चांगलं मीटरसुद्धा १५ टक्के इकडेतिकडे चालतं असं धरा, त्यामुळे ७२ आलं म्हणजे "लो नाही" असं नसतं. सेन्सर लावला असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, साखर वेगाने पडत असेल तर खरा आकडा अजून खाली असतो. उलट, सेन्सरच्या दंडावर दाबून झोपलं की खोटी लो दाखवतो. शंका आली की बोट टोचा, पण माणूस विचित्र वागत असेल तर आधी ग्लुकोज द्या आणि मग टोचा.

तपासणी २: रात्री ३ चा आकडा (एक स्ट्रिप आणि झोप)

हीच सगळ्यात जास्त टाळली जाते आणि हिच्यातच सगळं सापडतं. झोपेत अॅड्रेनलिनचा प्रतिसाद जागेपणीपेक्षा आणखी कमी होतो, त्यामुळे रात्रीच्या लो मध्ये माणूस उठतच नाही, आणि सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उशी घामाने ओली, अंग मोडून येणं एवढाच पुरावा उरतो. पंधरा दिवसांत निदान चार रात्री ३ वाजता टोचा, त्यातल्या दोन तरी अशा निवडा की ज्या दिवशी जास्त हालचाल झाली होती.

आणि वहीत ७० खालचे आणि ५४ खालचे आकडे वेगवेगळे मोजा. ५४ खालचे महत्त्वाचे, अलार्म प्रामुख्याने तेच बिघडवतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. ह्याचं एचबीएवनसी ६.३ यायचं आणि आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. ते तीन महिन्यांचं साधारण सरासरीचं माप आहे, त्यात २२० आणि ४५ एकमेकांना झाकून टाकतात. आमचं ६.३ लो च्या जिवावर आलं होतं.

तपासणी ३: टोचायची जागा आणि सिरिंज

पोटावर नेहमी टोचता त्या जागेवरून अंघोळ करताना साबणाच्या हाताने बोटं फिरवा. रबरासारखा, जाडसर फुगवटा लागला तर तिथे चरबीची गाठ झालीये. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी उशिरा लागतं, कधी अर्धवट, त्याचा नेम नसतो. तेच युनिट दुसऱ्या दिवशी चांगल्या जागी टोचले की धाडकन लो. ह्याच्या बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी होती आणि त्याला ती जागा "कमी दुखते" म्हणून आवडायची. गाठ सोडून दुसरीकडे टोचायला लागताना डोस कमी लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

बाटली आणि सिरिंज वापरत असाल तर लेबल बघा. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या येतात, पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं. लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर अडीचपट डोस जातो. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणारी माणसं मी बघितलीत, करू नका.

तपासणी ४: मागच्या ४८ तासांचा हिशोब

इथे आमची एक खरी केस सांगते.

शनिवारी पाहुणे आले, ह्याने बारा वाजता जेवणाचं इन्सुलिन घेतलं आणि गप्पांत जेवण लांबलं, मग पाहुण्यांना वाढताना स्वतः अर्धवटच जेवला. साडेचारला ५२. तेव्हा थोडा घाम आला होता, त्याने दोन बिस्किटं खाल्ली आणि विसरून गेला. रविवारी सकाळी सोसायटीच्या पोरांबरोबर अडीच तास क्रिकेट. रात्री झोपताना ११८, सगळे खूश, नेहमीचं २२ युनिट लाँग-अॅक्टिंग घेतलं. सोमवारी पहाटे ३:१० ला मला जाग आली तर हा पलंगाच्या कडेला बसून चादरीला बटणं लावायचा प्रयत्न करत होता. शांतपणे. घाम नाही, थरथर नाही. ४१.

आता जोडून बघा. शनिवारच्या ५२ ने अलार्म खाली सरकवला. रविवारच्या खेळाने स्नायूंमधला साठा संपवला, आणि तो भरून काढायला स्नायू पुढचे कितीतरी तास, रात्रभरसुद्धा रक्तातली साखर ओढत राहतात. शिवाय दमछाकीचा व्यायाम स्वतःच पुढच्या दिवशीचा अॅड्रेनलिनचा प्रतिसाद मंद करतो. वर झोप. ग्लुकागॉन तर २० वर्षांपूर्वीच गेलेलं. आणि २२ युनिटचा नळ सकाळपर्यंत चालू. यातलं एकच असतं तर कदाचित निभावलं असतं, सगळी एका रात्री जमली. आम्ही मात्र सोमवारी फक्त रविवारच्या जेवणाचा विचार करत बसलो होतो, शनिवार कुणाच्या डोक्यातच नव्हता.

म्हणून लो झाली की "आज काय खाल्लं" एवढंच नाही, दोन दिवस मागे जा: आधीची लो, व्यायाम, उशिरा जेवण, दारू. दारूचं वेगळं सांगते, लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की नवीन साखर बनवणं थांबतं, त्यामुळे पार्टीनंतरची लो रात्री उशिरा किंवा सकाळी येते आणि लोकांना वाटतं चढलीये.

तपासणी ५: औषधांची पिशवी

सगळ्या गोळ्या टेबलावर ओता. बीपी किंवा हार्टसाठी बीटा-ब्लॉकर असेल, म्हणजे नाव "-लोल" ने संपणारी गोळी, तर धडधड आणि थरथर दाबली जाऊ शकते. घाम मात्र येतो, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारा निरोप वेगळ्या रसायनाने जातो. अशा माणसाने घाम हीच खूण धरायची. गोळी मनाने बंद करायची नाही, हार्टचा प्रॉब्लेम होऊन बसेल.

टाईप टू वाल्यांसाठी दोन गोष्टी. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड अशा गोळ्या पॅन्क्रियाला दामटून इन्सुलिन काढायला लावतात, त्यांची लो साखर देऊन वर आली तरी काही तासांनी परत पडते. आणि व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज चालू असेल तर साधी साखर लवकर फुटत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच लागते.

तपासणी ६: लॅब (इथून पुढे डॉक्टर)

डोस तोच, जेवण तेच, आणि तरी गेल्या काही महिन्यांत लो वाढल्या असतील तर किडनीची टेस्ट. किडनी रक्तातलं इन्सुलिन मोडून संपवायचं काम करते, ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकतं. शिवाय किडनी थोडी साखरही बनवते, तेही कमी होतं. त्याबरोबर थायरॉईड.

आणि टाईप वन वाल्यांनी कॉर्टिसॉल विसरू नये. ज्या प्रकारे शरीराने स्वतःचं पॅन्क्रिया खाल्लं तसं क्वचित कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथीही खातं, त्याला अॅडिसन्स म्हणतात. इन्सुलिनची गरज आपोआप कमी होत जाणं, वजन उतरणं, उठल्यावर चक्कर, खारट खावंसं वाटणं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणं, असं दिसलं तर डॉक्टरांना सकाळी ८ च्या कॉर्टिसॉलबद्दल विचारा. बरेच दिवस स्टिरॉईड घेऊन अचानक बंद केलेल्यांनाही हे लागू. आमचं नॉर्मल निघालं.

दुरुस्ती

उपाय ऐकायला साधा आहे: दोन ते तीन आठवडे एकही लो होऊ द्यायची नाही. जुना डायबेटिस असला तरी या काळात अलार्म परत वर सरकतो असं दिसून आलंय. लक्षणं बऱ्यापैकी परत येतात, अॅड्रेनलिन थोडंफार, ग्लुकागॉन नाही. ते परत येत नाही, त्याची वाट बघू नका.

आमच्या डॉक्टरांनी रात्रीचं २२ चं १८ केलं, जेवणाआधीचं टार्गेट ८० वरून ११० ला नेलं आणि झोपताना १४० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन झोपायला सांगितलं. सेन्सर महिनाभर लावला, अलार्म ८० ला, कारण ७० ला वाजला तर खाऊन साखर चढेपर्यंत ६० होते. सगळ्यात अवघड काय गेलं तर १८०-२०० बघूनही गप्प बसणं. २६ वर्षं ज्याला वाढलेल्या शुगरची भीती घातली त्याला एकदम सांगायचं की चालू दे, तो लगेच एक्स्ट्रा दोन युनिट मारायला उठायचा.

लो झालीच तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत टोचायचं, अजून ७० खाली तर परत १५. मी किचनच्या काट्यावर मोजून पुड्या बांधून ठेवल्यात, बाईकच्या डिकीत, उशीखाली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा चढते. आणि वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर पोळी किंवा बिस्किटं.

कुठे थांबायचं

गिळता येत नसेल, झटके येत असतील, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, मधाचं बोटही नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असेल आणि शिकवलं असेल तर मोठ्या माणसाला १ मिलीग्राम मांडीत, १० ते १५ मिनिटांत शुद्ध येते, उलटी होऊ शकते म्हणून कुशीवरच. हे लिव्हरच्या साठ्यावर चालतं, दारू प्यायलेला किंवा बराच वेळ उपाशी माणूस असेल तर नीट चालत नाही, तिथे हॉस्पिटलचं सलाईनमधलं ग्लुकोजच. ग्लुकागॉनचं इंजेक्शन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, आम्हाला मागवावं लागलं, म्हणून गरज पडायच्या आधी विचारून ठेवा.

ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईडसारख्या गोळ्यांनी झालेली गंभीर लो शुद्धीवर आली तरी घरी ठेवायची नाही, ॲडमिट, निदान एक दिवस नजरेखाली. दोनदा १५ ग्रॅम देऊनही ७० वर येत नसेल तरी निघा. आणि वर्षात एकदा जरी दुसऱ्याच्या मदतीने उठवावं लागलं असेल किंवा गाडी चालवताना लो झाली असेल, तर घरच्या तपासण्या बंद आणि थेट एंडोक्रायनॉलॉजिस्ट. अलार्म परत येईपर्यंत ह्याची बाईक मी चालवली, तो मागे बसायचा तोंड वाकडं करून.

सतराव्या दिवशी भाजी चिरताना थांबला आणि म्हणाला, "हात थरथरतायत गं." टोचलं तर ६६. एवढा आनंद मला त्याच्या प्रमोशनला झाला नव्हता. दिवाळीत फराळाच्या गडबडीत अंदाज चुकून परत ४९ झाली आणि ती त्याला कळली नाही, दुसऱ्या दिवसापासून आम्ही कॅलेंडरवर परत एक नंबरपासून मोजायला सुरुवात केली.